‘निदान’ हा शब्द आधी खोडा

प्रश्न: माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचा घटस्फोट चालू आहे. बारा वर्षांचा संसार, नऊ वर्षांची मुलगी. मुलगी रविवारी वडिलांकडे असते. मैत्रीण दुसऱ्या गावी राहते, फोन उचलत नाही. ‘बोलायचं त्राण नाही गं’ एवढा मेसेज आला, म्हणून पत्र लिहायला बसले. तीनदा लिहिलं, दोनदा फाडलं. वाचताना वाटतं, मी तिची मैत्रीण नसून वर्गशिक्षिका आहे. सल्ला द्यायचा नाही, नुसतं सोबत राहायचं, हे कळतं मला. पण सल्ले काढून टाकले की कागदावर काही उरतच नाही. त्यात तिचा नवरा माझ्या नवऱ्याचा जुना मित्र, तो आमच्याकडे अजूनही येतो. तिसरा खर्डा सोबत पाठवतेय. काय करू?
— एक मैत्रीण

उत्तर:

खर्डा दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि ज्या ज्या क्रियापदातून तुम्ही मैत्रिणीला काही करायला किंवा न करायला सांगितलंय त्याच्याखाली रेघ मारत गेले. खचू नकोस. स्वतःकडे लक्ष दे. मुलीसमोर रडू नकोस. जुनं उगाळत बसू नकोस. झोप नीट घे. चांगला वकील बघ. एका पानात अकरा रेघा झाल्या. मग ‘मी’ने सुरू होणारी वाक्यं मोजली. ती दोन निघाली, आणि त्यातलं एक ‘मी तुला तेव्हाच सांगणार होते’ असं होतं.

पत्र पाठवण्याआधी तुम्हीही ही पेन्सिल फिरवा. मराठीत हे सोपं जातं, कारण हुकूम क्रियापदाच्या शेपटीतच दिसतो: दे, घे, बघ, नकोस. प्रेमाने लिहिलं म्हणून आज्ञार्थाचा आज्ञार्थपणा जात नाही. तुमची मैत्रीण सध्या सकाळपासून रात्रीपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या सूचना ऐकते आहे. कुठली कागदपत्रं आण, इथे सही कर, अमुक तारखेला ये, मुलीच्या शाळेत काय सांगायचं ते ठरव. त्या यादीत तुमच्या पत्राने आणखी अकरा कामं घातली. सल्ला चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही. झोप घ्यायलाच हवी. पण जिला झोप येत नाही तिला ‘झोप घे’ म्हटलं की झोप येत नाही हाही तिचाच दोष ठरतो.

ब्रँट बर्लेसन नावाच्या अमेरिकन संशोधकाने अनेक वर्षं एकाच गोष्टीचा अभ्यास केला: माणसं एकमेकांना धीर देताना काय बोलतात आणि ऐकणाऱ्याला त्यातलं काय लागू पडतं. त्याने अशा बोलण्याच्या पायऱ्या लावल्या. सगळ्यात खालची पायरी भावना नाकारणाऱ्या बोलण्याची, म्हणजे ‘एवढं काय त्यात’. सगळ्यात वरची पायरी भावनेला नाव देऊन तिला बोलायला जागा देणाऱ्या बोलण्याची. ऐकणाऱ्यांना पुन्हा पुन्हा हीच वरची पायरी जास्त दिलासा देणारी वाटली. मला मात्र मधली पायरी महत्त्वाची वाटते. मन दुसरीकडे वळवायचं, बाजू समजावून सांगायची, ‘होईल सगळं ठीक’ म्हणायचं. आपण बहुतेक भली माणसं त्या पायरीवर बसलेली असतो आणि आपल्याला वाटतं, आपण वरच पोचलोय. तुमचा खर्डाही तिथेच बसलाय.

मधल्या पायरीचा माझ्या मते सगळ्यात लाडका शब्द म्हणजे ‘निदान’. तुमच्या पत्रात तो तीनदा आलाय. ‘निदान तुला नोकरी तरी आहे.’ ‘निदान मुलगी समजूतदार आहे.’ ‘निदान आता रोजची भांडणं तरी नाहीत.’ तिन्ही वाक्यं खरी असतील. पण ‘निदान’ हा शब्द तराजू घेऊनच वाक्यात येतो. तो म्हणतो, तुझं दुःख मी मोजलं, ते तू समजतेस त्यापेक्षा हलकं भरलं. मग तिला एकच वाट उरते, ‘हो गं, खरंय’ म्हणायची. तिथे बोलणं संपतं. ‘निदान’ला जोडून येणारा ‘तरी’, आणि ‘झालं ते बरंच झालं’, ‘सुटलीस एकदाची’ हे सगळे त्याचेच चुलतभाऊ. ‘सुटलीस’ तर अजिबात नको. तिला सुटल्यासारखं वाटत असेल तर ते तिने म्हणावं. आज सकाळी सुटल्यासारखं आणि संध्याकाळी सगळं गमावल्यासारखं वाटत असेल, तर तुमचं ‘सुटलीस’ संध्याकाळी तिला खोटं पाडेल.

आता तुमचा खरा प्रश्न: हे सगळं काढल्यावर उरतं काय?

कुणाच्या घरी मृत्यू झाला की आपण भेटायला जातो तेव्हा काय करतो? जाऊन बसतो. फारसं बोलत नाही. कुणी दार उघडतं, कुणी आलेले फोन घेतं, कुणी नुसतं भिंतीला टेकून असतं. तिथे ‘मी काय बोलू’ हा प्रश्न पडला तरी आपण जायचं टाळत नाही, कारण बसणं हेच काम आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. घटस्फोटात तसं कुणी येऊन बसत नाही. 1967 मध्ये थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोघांनी आयुष्यातल्या उलथापालथींची एक यादी केली आणि प्रत्येकीला ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू 100, आणि त्याच्या लगेच खाली घटस्फोट, 73. म्हणजे यादीत दुसरा नंबर. पण पहिल्या नंबरला घर भरून जातं आणि दुसऱ्या नंबरला लोक रस्ता ओलांडून पलीकडे जातात. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून जागा देत नाही त्याला केनेथ डोका या अभ्यासकाने 1989 मध्ये एक नाव दिलं. मराठीत मी त्याला ‘बिनहक्काचं दुःख’ म्हणेन. हरवलेलं माणूस जिवंत आहे, रविवारी मुलीला न्यायला दारात उभं राहतं, आणि काही लोकांच्या मते तर तिने स्वतःच ते घालवलंय. मग रडायचं कशाच्या हक्काने?

तेव्हा पत्राने भिंतीला टेकून बसायचं आहे. कागदावर हे करायला दोनच गोष्टी लागतात. तुम्हाला तिचं काय दिसलं ते सांगायचं, आणि तुम्ही कधी, कुठे असाल ते सांगायचं.

पहिली गोष्ट तुमच्या खर्ड्यात आहे. तुम्ही ती खोडलीत. समासात, आडव्या रेघेखालून वाचता येतं: ‘मागच्या भेटीत तू सगळा वेळ पर्सची चेन उघडत होतीस नि मिटत होतीस.’ का खोडलंत? विषयाला सोडून वाटलं असणार. अहो, अख्ख्या पानात तेवढंच एक वाक्य असं आहे जे तुमच्याशिवाय जगात दुसरं कुणी लिहू शकलं नसतं. बाकीचं पत्र कुणीही कुणालाही पाठवू शकेल. तुम्ही तिच्या समोर बसला होतात, तिच्या हाताकडे तुमचं लक्ष होतं, आणि ते तुमच्या ध्यानात राहिलं. ‘मी समजू शकते’ असं दहा वेळा लिहिण्यापेक्षा हे एक वाक्य जास्त काम करतं. तसंही ‘मी समजू शकते’ लिहू नका. तुम्ही त्यातून गेलेल्या नाही, आणि मी गेलेय तरी तिचं मला समजेलच असं नाही.

दुसऱ्या गोष्टीत बहुतेक जण घसरतात. ‘काही लागलं तर सांग’ हे तुमच्या पत्राचं शेवटचं वाक्य आहे. मनापासून लिहिलंय, यात शंका नाही. पण आता तिने काय लागतंय ते शोधायचं, ते तुमच्याकडे मागण्यासारखं आहे का ते ठरवायचं, मग संकोच गिळून फोन करायचा. ज्या बाईला फोन उचलायचं त्राण नाही तिच्याकडून आपण एवढी अपेक्षा करतो. त्याऐवजी वार, वेळ आणि काम तुम्ही ठरवा, आणि ‘नको’ म्हणायची वाट रुंद ठेवा. तुमच्या हातात रविवार आहेच. मुलगी वडिलांकडे गेल्यावरचं घर कसं वाजतं हे ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. दूरदर्शन लावलं तरी शांतता ऐकू येते.

प्रश्न विचारू नका, हेही सांगून टाकते. ‘नेमकं काय झालं?’ तर नाहीच, पण ‘कशी आहेस?’ सुद्धा नको. त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि ‘बरी आहे’ लिहिताना खोटं बोलल्यासारखं होतं.

तिच्या नवऱ्याबद्दल. खर्ड्यात तुम्ही त्याला दोन विशेषणं लावलीत. तिच्या बाजूने आहात हे दाखवायला लावलीत, ते समजलं. काढा. घटस्फोटाच्या खटल्यात पत्रं आणि मेसेज पुरावा म्हणून समोर येऊ शकतात, आणि तुमच्या रागाचं वाक्य कुठल्या वकिलाच्या तोंडी जाईल ते तुमच्या हातात नाही. ती मुलगी आणखी काही वर्षांनी कपाट आवरताना हे पत्र वाचेल. आणि अशीही जोडपी असतात जी अर्ध्या वाटेवरून परत फिरतात. तेव्हा तुमची विशेषणं मागे घेता येत नाहीत, आणि मैत्रीण तुम्हाला टाळायला लागते. तिने त्याला शिव्या घातल्या तर ऐका. तुम्ही भर घालू नका, त्याची बाजूही मांडू नका.

पण तो तुमच्याकडे येतो ही गोष्ट पत्रात आलीच पाहिजे. माझा अंदाज विचाराल तर ती फोन उचलत नाही त्यातलं थोडं कारण हेही असावं. आपण बोललेलं कुठल्या बैठकीत पोचेल याची तिला खात्री नाही. तुम्ही गप्प राहिलात तर बाकी पत्र कितीही सुरेख असलं तरी ती ते अंतर राखूनच वाचेल. म्हणून दोन-तीन सरळ वाक्यांत सांगा, आणि तेवढंच वचन द्या जेवढं पाळता येईल. ‘त्याला घरात पाऊल ठेवू देणार नाही’ असं लिहाल आणि पुढच्याच आठवड्यात नवऱ्याबरोबर तो बाहेरच्या खोलीत बसलेला असेल. पत्र टाकण्याआधी नवऱ्याशी हे बोलून घ्या, म्हणजे वचन एकट्या तुमच्या भरवशावर राहणार नाही.

तुमच्याच साहित्यातून मी एक पत्र जुळवून पाहिलं. जसंच्या तसं उतरवू नका, तिला तुमचा आवाज ओळखू येतो. पण आकार दिसावा म्हणून:

*अगं,*

*मागच्या वेळी भेटलो तेव्हा तू सगळा वेळ पर्सची चेन उघडत होतीस, मिटत होतीस. मी माझ्या ऑफिसातल्या गमती सांगत बसले. मला ते दिसत होतं आणि मी विचारलं नाही. विचारलं तर तू रडशील अशी भीती वाटली. खरं म्हणजे मी रडेन अशी.*

*बारा वर्षांत काय काय होतं ते मला माहीत नाही. जे तू सांगितलंस तेवढंच ठाऊक आहे, आणि बाकीचं कधी सांगितलं नाहीस तरी आपलं काही बिघडत नाही. मला एवढंच दिसतं की तू फार दमली आहेस.*

*एक गोष्ट उघड बोलते. तो आमच्याकडे येतो, पुढेही येईल. तू माझ्यापाशी बोललेलं त्याच्यापर्यंत जाणार नाही, आमच्या घरातही ते माझ्यापाशीच राहील. त्याच्याकडचं काही मी तुझ्यापर्यंत आणणार नाही. घरी तसं सांगून ठेवलंय.*

*रविवारी संध्याकाळी साडेसहाला मी फोन करत जाईन. थोडा वेळ वाजेल आणि बंद होईल. उचललास तर बोलू, नाहीतर दोघी नुसत्या धरून बसू. नाही उचललास तर पुढच्या रविवारी परत वाजेल. मला त्याचं काही वाटणार नाही.*

*पुढच्या तारखेला मी येऊ शकते. आत येणार नाही, बाहेरच्या बाकावर बसेन, पिशवी सांभाळेन. नको असेल तर नुसतं ‘नको’ पाठव. कारण नको.*

*या पत्राला उत्तर यायला हवं असं काही नाही.*

पेन्सिल फिरवून पाहा. एक आज्ञार्थ राहिलाय, ‘नको पाठव’. तो मुद्दाम ठेवला. तिला मोकळं करणारा हुकूम चालतो. आणि पत्रात सांत्वन म्हणावं असं एकही वाक्य नाही, हेही बघा. ‘तू फार दमली आहेस’ एवढंच तिच्या मनाबद्दल आहे, आणि तेही डोळ्यांना दिसलेलं.

पत्र गेलं की तुमचं काम साडेसहाला सुरू होतं. तिसऱ्या रविवारी तुम्ही कुठल्याशा लग्नाला जाल आणि विसराल, तर तिच्याकडे न वाजलेला फोन पोचेल, आणि तो वाजलेल्या फोनपेक्षा मोठ्याने ऐकू येतो. दर आठवडा झेपणार नसेल तर महिन्यातला पहिला रविवार लिहा. कमी सांगा, पण चुकवू नका. तारखेला गेलात तर एवढं लक्षात असू द्या की तो दिवस बहुतेक वाट बघण्यात जातो. कित्येकदा दिवसभर बसून पाच मिनिटांत पुढची तारीख मिळते आणि सगळे घरी जातात. तिथे बोलायला विषय काढू नका. माझ्या वेळी एक जण माझ्या शेजारी शब्दकोडं सोडवत बसली होती आणि मधूनच विचारायची, ‘चार अक्षरी नदी सांग.’ मी दोन तारखांमध्ये बऱ्याच नद्या सांगितल्या.

माझा विषय निघालाच आहे तर सांगते. मला त्या काळात एक सहा पानी पत्र आलं होतं. श्वास कसा घ्यावा इथपासून पुन्हा लग्न कधी करावं इथपर्यंत सगळं त्यात होतं. चौथ्या पानावर मी थांबले. लिहिणारीचा हेतू चांगला होता, म्हणून राग येण्याचीही सोय नव्हती. आणि दुसरीकडून दर महिन्याला एक कार्ड यायचं. चार ओळी. मांजर टाइपरायटरवर झोपलं होतं, उठवलं नाही, म्हणून आज काम झालं नाही. माझ्या घटस्फोटाचा त्यात उल्लेखही नसायचा. मी वर्षभरात एकाही कार्डाला उत्तर दिलं नाही, आणि कार्डं आली. ज्या महिन्यात निकाल लागला त्याच्या पुढच्या महिन्यातही आलं. तेव्हा बाकी सगळ्यांचे फोन थांबले होते, कारण सगळ्यांच्या दृष्टीने प्रकरण संपलं होतं. माझ्या दृष्टीने ते त्यानंतरच्या एका सोमवारी सुरू झालं, बँकेच्या फॉर्मवर ‘वैवाहिक स्थिती’ या रकान्यापाशी पेन थांबलं तेव्हा. म्हणून दुसरं पत्र कधी लिहायचं ते आत्ताच कॅलेंडरवर टाकून ठेवा: शेवटची सही झाल्यावर तीनेक आठवड्यांनी.

काही वेळा मात्र नुसतं बसून भागत नाही. तिच्या बोलण्यात ‘जगून काय करायचं’ असं काही आलं, किंवा ती त्याला घाबरते, तो मारतो, पाठलाग करतो असं दिसलं, तर माझं हे सगळं बाजूला ठेवा. स्पष्ट शब्दांत विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असं विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. मग तिला एकटी ठेवू नका, तिच्या जवळच्या कुणाला तरी तिथे पोचवा, डॉक्टर किंवा पोलीस यांच्यापर्यंत न्या. तिथे आज्ञार्थ हवेतच.

आणि तिने आपण होऊन सल्ला मागितला तर? द्या की. फक्त आधी विचारून घ्या, ‘ऐकू, की सुचवू?’ पुष्कळदा ‘काय करू गं मी?’ हा प्रश्न नसतोच.

राहता राहिलं पाकीट. तुम्ही पेन उचलाल आणि तिच्या आडनावाशी अडकाल. सासरचं लिहावं तर ते तिच्या कागदपत्रांवरून उतरतंय, माहेरचं लिहावं तर ते तिने परत घ्यायचं ठरवलंय की नाही ते तुम्हाला ठाऊक नाही. तिच्या आधी तुम्ही ठरवू नका. शाळेत जे म्हणत होतात ते नाव लिहा आणि खाली पूर्ण पत्ता. पोस्टमनला घराचा नंबर पुरतो.